जानेवारीच्या अंतराची बेरीज आणि कॅप्टनचे भाषण : प्रकल्प नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आमच्या साताऱ्यातील धावपटूंच्या क्लबने जानेवारीसाठी घेतलेले महिनाभराचे आव्हान काल रात्री संपले. रविवारी, ९ तारखेला, सकाळच्या सरावानंतर पोवई नाक्याजवळ सर्व सभासद जमतील आणि कॅप्टन चार ते पाच मिनिटे बोलतील. क्लबने मिळून महिन्याभरात किती अंतर धावले, हा एकच आकडा त्या भाषणाच्या मध्यभागी असणार आहे. तो आकडा निश्चित करणे आणि भाषणाचा मसुदा तयार करून देणे ही दोन्ही कामे माझ्याकडे आली आहेत. आकडा कोणत्या वाटेने तयार झाला, हे कोणालाही मागाहून पाहता यावे, एवढ्यासाठी या नोंदी लिहीत आहे.

आव्हानात ७२ जणांनी नावे दिली होती आणि त्यांपैकी ६१ जणांनी निदान एकदा तरी धावल्याची नोंद केली. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर क्लबची यादी असते. मात्र ती सोमवार ते रविवार अशा आठवड्याची असते आणि यंदाचा जानेवारी बुधवारी सुरू होऊन शुक्रवारी संपला. आठवड्यांच्या याद्या जोडून महिना तयार होत नाही, कारण दोन्ही टोकांना परक्या महिन्याचे दिवस चिकटतात. म्हणून सुरुवातीपासूनच आम्ही प्रत्येकाकडून वेगळा फॉर्म भरून घेतला : नाव, धावण्याची तारीख, सुरुवातीची वेळ, लागलेला वेळ, अंतर आणि घड्याळाच्या पडद्याचे छायाचित्र. फॉर्ममधून गूगल शीटमध्ये उतरलेल्या अंतराच्या रकान्याची सरळ बेरीज आज ७,७८९.० किलोमीटर आहे.

हा आकडा आजच कॅप्टनच्या हाती पडला आणि त्यावर त्यांनी एक वाक्यही लिहून पाठवले आहे : "भारताचा समुद्रकिनारा ७,५१६ किलोमीटरचा आहे, तो आपण संपूर्ण धावलो आणि वर पावणेतीनशे किलोमीटर राखून ठेवले." वाक्य ऐकायला उत्तम आहे. ते भाषणात राहील की नाही, हे बेरीज तपासून झाल्यावर ठरवू, असे मी त्यांना कळवले आहे.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज महिन्याच्या दोन कडा तपासल्या. कोणती नोंद जानेवारीची आणि कोणती फेब्रुवारीची, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण बेरजेतील पहिली गफलत इथेच होते. फॉर्म भरल्याची वेळ शीट आपोआप नोंदवते आणि धावण्याची तारीख सभासद स्वतः लिहितो. या दोन तारखा पुष्कळदा जुळत नाहीत, कारण संध्याकाळी धावणारे अनेक जण फॉर्म दुसऱ्या दिवशी सकाळी भरतात. बेरजेसाठी फॉर्म भरल्याची वेळ कधीही धरू नये, फक्त धावण्याची तारीख धरावी. त्यासाठी वापरलेले सूत्र असे आहे (ब रकान्यात धावण्याची तारीख व वेळ, ड रकान्यात अंतर, शीटमध्ये अनुक्रमे B आणि D) :

```
=SUMIFS(D:D, B:B, ">="&DATE(2025,1,1), B:B, "<"&DATE(2025,2,1))
```

सूत्रातील दुसरी अट "३१ जानेवारीपर्यंत" अशी न लिहिता "१ फेब्रुवारीच्या आत" अशी लिहिण्यामागे कारण आहे. तारखेसोबत वेळही नोंदलेली असली, तर शीटच्या दृष्टीने ३१ जानेवारी म्हणजे त्या दिवशीची मध्यरात्र होय, आणि पहाटे साडेपाचला सुरू झालेले धावणे तिच्यापुढचे ठरून गळून जाते. शेवटच्या दिवशी आकडा वाढवण्यासाठी सगळेच बाहेर पडलेले असतात. अशा वेळी तोच एक दिवस बेरजेतून नाहीसा झाला, तर भाषण संपण्याआधीच हात वर होतील.

काल शनिवारी सकाळी सामूहिक सराव झाला आणि त्यातील नऊ जणांनी सवयीने तोही याच फॉर्ममध्ये भरला. त्या नोंदींचे ८४.२ किलोमीटर वरील अटीमुळे बाजूला पडले.

उलट दिशेची एक दुरुस्तीही निघाली. न्यू जर्सीत राहणारे आमचे एक सभासद साताऱ्याला आले की आमच्यासोबत धावतात आणि आव्हानात ते तिथूनच सहभागी झाले होते. त्यांच्या नोंदी पाहताना वेग विचित्र दिसला : पाच किलोमीटरला ४६ मिनिटे, म्हणजे किलोमीटरला नऊ मिनिटांहून अधिक. हे गृहस्थ अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आसपास पूर्ण करतात, तेव्हा ते एवढे संथ धावत नसणार हे उघड होते. छायाचित्र उघडल्यावर अंतर मैलांत असल्याचे दिसले. त्यांच्या महिन्याभराच्या ६२ मैलांचे ९९.८ किलोमीटर होतात, त्यामुळे बेरजेत ३७.८ किलोमीटर वाढले. अंतरासोबत लागलेला वेळही मागवला नसता, तर ही गोष्ट ध्यानात येण्याचा मार्गच नव्हता.

त्यांची ३१ जानेवारीची संध्याकाळची नोंद भारतीय वेळेनुसार १ फेब्रुवारीच्या पहाटेची होते, कारण हिवाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. धावणारा ज्या ठिकाणी धावला तिथली तारीख ग्राह्य धरायची, असा निर्णय कॅप्टननी फोनवर दिला आणि ती नोंद जानेवारीतच राहिली.

आजअखेर बेरीज ७,७४२.६ किलोमीटर.

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

दुबार नोंदी काढण्यात संध्याकाळ गेली. मनगटावरचे घड्याळ आणि खिशातला फोन अशी दोन्ही साधने एकाच वेळी चालू ठेवणारे सभासद बरेच आहेत. एकच फाइल दोनदा चढवली तर ॲप बहुधा ओळखते, पण घड्याळाने आणि फोनने स्वतंत्रपणे मोजलेले अंतर हे दोन वेगवेगळे प्रवास म्हणून उभे राहते. एकाचे १०.१२ किलोमीटर आणि दुसऱ्याचे १०.३१, सुरुवातीच्या वेळेत दोन मिनिटांचा फरक. अंतरावरून शोधायला गेले तर या दोन ओळी जुळ्या आहेत हे कळत नाही. उलट सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच किलोमीटर धावणाऱ्याच्या दोन खऱ्या नोंदी मात्र जुळ्या दिसतात आणि नाहक कापल्या जातात.

म्हणून कसोटी अंतराची न ठेवता वेळेची ठेवली. शीट आधी नावाने आणि मग सुरुवातीच्या वेळेने लावली आणि आधीचे धावणे संपण्यापूर्वीच त्याच व्यक्तीचे पुढचे धावणे सुरू झाले आहे का, हे पाहिले. एक माणूस एका वेळी दोनदा धावू शकत नाही, त्यामुळे ही कसोटी निर्विवाद आहे. अशा जोड्यांमध्ये घड्याळाची नोंद ठेवली आणि फोनची काढली. काही घरांत आणखी एक प्रकार आढळला : पतीने पत्नीची नोंद स्वतःच्या फोनवरून भरली होती आणि पत्नीनेही ती पुन्हा भरली होती, पण पतीने भरताना नावाच्या जागी घरातले नाव लिहिले होते. हे सूत्राने सापडत नाही, नावांची यादी डोळ्यांखालून घालावीच लागते.

काढलेली कोणतीही ओळ मी पुसलेली नाही. "वगळलेल्या नोंदी" या नावाचे वेगळे पान करून त्यात ती ओळ आणि समोर कारण, असे ठेवले आहे. आज १६३.४ किलोमीटर त्या पानावर गेले आणि बेरीज ७,५७९.२ वर आली.

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आज वेगाची तपासणी केली. केल्विन किप्टमने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागो येथे २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून विश्वविक्रम केला, तेव्हा त्याला एका किलोमीटरला सरासरी २ मिनिटे ५१ सेकंद लागले. आमच्या शीटमध्ये एका सभासदाचे सलग सहा किलोमीटर प्रत्येकी सव्वादोन मिनिटांत झालेले आहेत. धावणे संपल्यावर घड्याळ बंद करायचे राहिले आणि ते घड्याळ स्कूटरवर बसून घरी गेले, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र ही चूक पूर्ण नोंदीच्या सरासरी वेगावरून दरवेळी सापडत नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आठ किलोमीटर सहा मिनिटांच्या वेगाने धावून झाल्यावर पाच मिनिटे गप्पा झाल्या आणि मग तीन किलोमीटर स्कूटरवर गेले, तर एकूण सरासरी साधारण साडेपाच मिनिटे येते, जी कोणत्याही चांगल्या धावपटूची वाटावी. त्यासाठी प्रत्येक किलोमीटरचा वेळ वेगळा पाहावा लागतो. शेवटच्या टप्प्यात वेग एकदम चढलेला आणि हृदयाचे ठोके त्याच वेळी उतरलेले दिसले, की शंका उरत नाही. सगळ्या नोंदींसाठी हे करणे शक्य नव्हते. ज्यांचा शेवटचा किलोमीटर सर्वांत वेगवान होता तेवढ्याच उघडून पाहिल्या. जोर लावून शेवट करणारेही त्यांत होते आणि त्यांना अर्थातच हात लावला नाही. वाहनाचे ३८.७ किलोमीटर निघाले. संबंधित सभासदांना आधी विचारले आणि त्यांनी हसत मान्य केले.

बेरीज आता ७,५४०.५ आहे, म्हणजे कॅप्टनचे किनारपट्टीचे वाक्य अजून २४ किलोमीटरांनी तरलेले आहे. त्यांनी आज दोनदा फोन करून "आता आणखी काय काढायचे राहिले आहे?" असे विचारले.

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

राहिले होते ते चालणे, आणि या कामातील सर्वांत नाजूक भाग तोच होता. आव्हानाच्या पहिल्या सूचनेत "धावण्याचे अंतर" असे स्पष्ट लिहिले होते. पण फॉर्ममध्ये धावणे की चालणे असा रकानाच नव्हता. परिणामी काही सभासदांची संध्याकाळची फेरीही अंतराच्या रकान्यात येऊन बसली.

सीमारेषा कुठे ओढायची? दमल्यावर मध्येच दोन मिनिटे चालणे हा लांब पल्ल्याच्या धावण्याचाच भाग आहे. अनेक जण ठरवून आठ मिनिटे धावतात आणि दोन मिनिटे चालतात. घाटात तर चांगले धावपटूही चढाचा एखादा तुकडा चालून काढतात. तेव्हा निव्वळ वेगावरून कात्री चालवली असती, तर नव्याने धावू लागलेल्यांवर आणि घाटात जाणाऱ्यांवर अन्याय झाला असता. किलोमीटरला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागलेल्या नोंदी मी फक्त वेगळ्या काढल्या आणि त्या प्रत्येक सभासदाला एकच प्रश्न विचारला : "ही फेरी आपण धावण्यासाठी निघून केली होती की चालण्यासाठी?" उत्तर जे आले ते मानले. घाटातल्या जवळपास सर्व नोंदी त्यामुळे राहिल्या.

चालण्याच्या म्हणून कबूल केलेल्या नोंदींची बेरीज १७१.२ किलोमीटर झाली. ती वजा करताच एकूण अंतर ७,३६९.३ वर उतरले आणि किनारपट्टी मागे राहिली नाही, पुढे निघून गेली.

कॅप्टन नाराज झाल्या, पण वाक्यासाठी नाही. यातले बहुतेक अंतर सत्तरीच्या घरातल्या एका काकांचे आणि गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेल्या एका ताईंचे आहे, हे त्यांनी यादी पाहताच ओळखले. "काका रोज पहाटे आपल्या आधी येऊन थांबतात. त्यांनी केलेले तुम्ही वगळलेल्या पानावर टाकले, असे मी त्यांच्यासमोर उभी राहून कसे सांगू?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "सांगायचे नाही असे नाही, वेगळे सांगायचे. धावण्याची बेरीज धावण्याचीच राहू द्या आणि चालण्याचा आकडा तिच्या पाठोपाठ स्वतंत्र वाक्यात येऊ द्या." बराच वेळ चर्चा झाल्यावर त्या तयार झाल्या. "वगळलेल्या नोंदी" या पानातून चालणे बाहेर काढून त्याचे निराळे पान केले.

माझ्या मते यात मन राखण्याचा भाग थोडा आणि मापाचा भाग अधिक आहे. दोन निरनिराळ्या गोष्टी एका आकड्यात मिसळल्या, तर पुढच्या वर्षी तुलना करताना कशाशी काय ताडायचे तेच कळणार नाही.

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

१९ जानेवारीच्या टाटा मुंबई मॅरेथॉनला आमचे चौदा जण गेले होते. नऊ जण पूर्ण मॅरेथॉन धावले आणि पाच जण अर्धमॅरेथॉन. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते, पण या नऊ जणांपैकी एकाच्याही घड्याळात तो आकडा नाही. सगळ्यांचे त्याहून जास्त आहे आणि एकाचे तर ४३ च्या जवळ पोचले आहे. घड्याळातला आकडा घ्यावा की मार्गाचा, यावर क्लबच्या व्हॉट्सॲप गटात दुपारभर वाद झाला. "मी जेवढे धावलो तेवढे मोजा" ही बाजू अगदीच चुकीची नाही, म्हणून कारण नीट लिहून ठेवतो.

शर्यतीचा मार्ग सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा छोटा मापक बसवलेला असतो. अमेरिकेतील अॅलन जोन्स यांनी तो १९७१ मध्ये तयार केला. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून चाकाचे माप पक्के करतात आणि मग रस्त्यावरून सर्वांत आखूड वाटेने, वळणावर कडेपासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, मार्ग मोजतात. मार्ग चुकूनही आखूड भरू नये म्हणून त्यात एक हजारांश भाग जास्त धरतात, म्हणजे मॅरेथॉनसाठी सुमारे ४२ मीटर. गर्दीत धावणारा माणूस मात्र त्या आखूड वाटेवर राहू शकत नाही. तो इतरांना वळसा घालतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरपा जातो, वळणे बाहेरून घेतो. तेवढे त्याचे अंतर खरोखरच वाढते.

पण घड्याळातील जादा अंतर सगळे खरे नसते. घड्याळ ठरावीक काळाने आपली जागा टिपते आणि त्या ठिपक्यांना रेषांनी जोडून लांबी काढते. प्रत्येक ठिपका काही मीटर इकडेतिकडे पडतो, त्यामुळे सरळ रस्त्यावरची रेषाही नागमोडी होऊन लांबते. दक्षिण मुंबईतल्या उंच इमारतींवरून उपग्रहाचे संकेत परावर्तित होऊन येतात तिथे हे वाढते. सी लिंकवर आकाश मोकळे असल्याने रेषा बऱ्यापैकी सरळ येते. चौदा जणांचे नकाशे शेजारी ठेवल्यावर हा फरक डोळ्यांनी दिसला. म्हणजे जास्तीच्या अंतरात धावणाऱ्याचा वाटा किती आणि उपकरणाचा किती, हे वेगळे करता येत नाही. अशा वेळी जे माप प्रत्यक्ष जमिनीवर घेतलेले आहे तेच धरावे, असे ठरले. त्यामुळे ६.६ किलोमीटर कमी झाले. एकूण बेरजेत ते नगण्य आहे. पण शर्यतीचे अंतर सगळ्यांना पाठ असते आणि कॅप्टननी ते चुकीचे सांगितले असते, तर बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही गेला असता.

यवतेश्वरच्या घाटात नेमाने जाणाऱ्यांनी याच चर्चेत आपली मागणी पुढे केली : घड्याळ नकाशावरचे आडवे अंतर मोजते, चढाची तिरपी लांबी मोजत नाही, तेव्हा आमच्या अंतरात वाढ करा. गणित करून पाहिले. चढ सहा टक्के धरला, तर आडव्या १०० मीटरला ६ मीटर उंची आणि तिरपी लांबी १००.१८ मीटर येते. दहा किलोमीटरच्या घाटाला जेमतेम १८ मीटर वाढतील, आणि घाटातल्या वळणांवर घड्याळ कोपरे कापते ती घट याहून मोठी असू शकते. घाटाचे श्रम लांबीत उतरत नाहीत. त्यांना त्यांचा मान भाषणात मिळेल, बेरजेत नाही.

तपासलेली बेरीज : ७,३६२.७ किलोमीटर.

७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

आज भाषणाचा मसुदा पक्का करायचा होता आणि किनारपट्टीची जागा भरायची होती. ते वाक्य आमच्या बेरजेमुळे पडलेच होते, पण ते आणखी एका कारणाने पडले असते. ७,५१६ किलोमीटर हा आकडा आपण शाळेपासून पाठ केला; मात्र गृह मंत्रालयाच्या २०२३–२४ च्या वार्षिक अहवालात भारताच्या किनाऱ्याची लांबी ११,०९८ किलोमीटर दिली आहे. जमीन वाढलेली नाही. अधिक बारकाईच्या नकाशांवरून पुन्हा मोजले, तेव्हा पूर्वी सरळ रेषेत बुजलेल्या खाड्या, वळणे आणि भूशिरे मापात आली. ज्या कारणाने घड्याळाची रेषा लांबते त्याचेच हे मोठे रूप आहे, फक्त खाड्या खऱ्या आहेत आणि घड्याळाची वळणे बरीचशी खोटी. किनाऱ्याची लांबी कोणत्या पट्टीने मोजली हे सांगितल्याखेरीज तिला अर्थ नसतो, हे गणितज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरून हाच प्रश्न मांडला होता. सात हजार किलोमीटर धावणाऱ्या क्लबने आपली तुलना अशा मापाशी करू नये, जे स्वतःच दीडपट होऊ शकते.

पृथ्वीची प्रदक्षिणाही सुचवली गेली. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. आम्ही त्याच्या पाचव्या हिश्श्यालाही पोचलेलो नाही. "पृथ्वीच्या पाचव्या हिश्श्याच्या जवळपास" हे वाक्य ऐकून कोणालाही काही वाटणार नाही.

शेवटी मोठ्या तुलनेऐवजी छोटी घ्यावी, असे मी सुचवले. एकूण अंतर ६१ जणांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला १२०.७ किलोमीटर येतात. साताऱ्याहून कोल्हापूर महामार्गाने साधारण तेवढेच आहे आणि तो रस्ता इथल्या प्रत्येकाने एसटीने केलेला आहे. कराड, पेठ नाका, किणीचा टोलनाका हे टप्पे डोळ्यांसमोर येतात आणि अंतर अंगात जाणवते.

इथे एक अडचण मी कॅप्टनना दाखवली. सरासरी १२० असली तरी सभासदांना अंतराच्या क्रमाने उभे केले, तर बरोबर मधल्या सभासदाचे अंतर ९२ किलोमीटर आहे. पहिल्या दहा जणांनीच एकूण अंतराचा सुमारे तिसरा हिस्सा धावून काढला आहे आणि त्यामुळे सरासरी वर ओढली गेली आहे. "आपल्यातला प्रत्येक जण कोल्हापूरपर्यंत धावला" असे म्हटले, तर समोर बसलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिकांना ते आपल्याविषयी खरे नाही हे माहीत असेल. त्यामुळे "वाटून घेतले तर" हे शब्द वाक्यातून गळता कामा नयेत.

दुसरी गोष्ट आकडा उच्चारण्याची. कॅप्टन कागदावर आकडे पाहून वाचताना अडखळतात, म्हणून सर्व संख्या अक्षरांत लिहून दिल्या आणि दशांश काढून टाकले. "सुमारे सात हजार चारशे" हे जवळचे शतक म्हणून गणिताने चालेल, परंतु त्यात न धावलेले ३७ किलोमीटर आहेत. आपल्या भाषेत साडेतीनशे म्हणण्याची सोय आहे, तर ती वापरावी. मसुद्याचा मुख्य भाग असा झाला :

"मित्रहो, जानेवारीच्या एकतीस दिवसांत आपण एकसष्ट जण मिळून सात हजार साडेतीनशे किलोमीटरच्या वर धावलो. पहिल्या दिवशी तुमच्या हाती पडलेला आकडा याहून मोठा होता, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. दोनदा भरलेल्या नोंदी, स्कूटरवर केलेले किलोमीटर आणि फेब्रुवारीतला सराव त्यातून काढला आहे, आणि काय काढले ते शीटमध्ये उघडे ठेवले आहे. हे अंतर आपण सगळ्यांनी सारखे वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साताऱ्याहून कोल्हापूर येते. कोणी त्याच्या दुप्पट गेले, कोणी कराडला उतरले. याखेरीज आपल्या काही सभासदांनी एकशे एकाहत्तर किलोमीटर चालून पूर्ण केले. ते मी या बेरजेत मिसळलेले नाही, कारण ते स्वतंत्रपणे सांगण्याजोगे आहे. घाटात जाणाऱ्यांचे अंतर लांबीने मोजले आहे, त्यांचा चढ मोजलेला नाही. तो मोजायचा असेल, तर पुढच्या रविवारी त्यांच्यासोबत जाऊन पाहावे."

पहिल्या तिघांची नावे भाषणाच्या आरंभी न घेता शेवटी घ्यावीत, असेही ठरले. नावे आधी आली की टाळ्या तिथेच संपतात आणि एकूण आकड्याकडे कोणाचे लक्ष राहत नाही.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

भाषण झाले. मसुद्यातील "कोणी कराडला उतरले" या वाक्याला सर्वांत मोठा हशा मिळाला आणि कराडपर्यंतच पोचलेल्यांनी स्वतःच हात वर केले. चालण्याचे वाक्य म्हणताना कॅप्टननी कागद खाली ठेवला आणि काकांना उभे राहायला सांगितले. हे मसुद्यात नव्हते.

नंतर एका सभासदाने ट्रेडमिलचे काय, असे विचारले. प्रश्न योग्य होता. तिथे उपग्रहाचा उपयोग नसतो. घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंतराचा अंदाज करते आणि तो यंत्राच्या आकड्याहून बराच वेगळा येऊ शकतो, विशेषतः कोणी समोरची दांडी धरून धावत असेल तर. आम्ही यंत्राच्या पडद्यावरील अंतर धरले आहे, कारण ते निदान पट्ट्याच्या फिरण्यावरून येते, असे मी सांगितले. त्यावर दुसऱ्याने जुन्या यंत्रांचा पट्टा वजनाखाली घसरतो याची आठवण करून दिली. तेही खरे आहे. ट्रेडमिलच्या नोंदी थोड्या असल्याने एकूण आकडा त्याने हलणार नाही. पण पुढच्या फॉर्ममध्ये धावणे, चालणे आणि ट्रेडमिल असा निवडीचा रकाना असेल आणि अंतराच्या पुढे किलोमीटर की मैल हेही निवडावे लागेल.

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

काल संध्याकाळपासून शीट सर्वांना पाहण्यासाठी खुली केली आहे. आज दुपारी एका ताईंनी कळवले की १२ जानेवारीची ५.२ किलोमीटरची एक नोंद त्यांच्या नावावर दोनदा आहे, त्यांपैकी एकीची वेळ सकाळऐवजी संध्याकाळची पडली आहे. वेळेच्या कसोटीत ती सापडणे शक्यच नव्हते. ती ओळ कारणासह वगळलेल्या पानावर हलवली. दुरुस्त बेरीज ७,३५७.५ किलोमीटर आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याचे अंतर १२०.६. कॅप्टननी गटात नवा आकडा टाकला आहे. "सात हजार साडेतीनशेच्या वर" हे भाषणातले शब्द बदलावे लागले नाहीत.